'निघते' म्हणूनही अर्धा तास तिथेच? घरच्या भेटीतून नीट उठण्याची रीत

कुणाकडे गप्पा मारायला गेल्यावर उठताना दोन चुका सर्रास होतात. बोलणं संपलेलं असतं, पण समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपण बसून राहतो आणि मग एकदम घड्याळ बघून "अरे बापरे, उशीर झाला" म्हणत तडकाफडकी उठतो. नाहीतर "चला, निघते" म्हणतो आणि बसूनच राहतो. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणतो, पुन्हा बसतो. पहिल्या प्रकारात घरच्यांना वाटतं, आपलं बोलताना काही चुकलं का? दुसऱ्यात त्यांना कळत नाही की पुन्हा चहा टाकायचा की दारापर्यंत सोडायला उठायचं.

निघणं म्हणजे एकदाच करायची गोष्ट असं आपण धरून चालतो, म्हणून हे होतं. खरं तर त्याच्या काही छोट्या पायऱ्या असतात आणि त्यांचा क्रम सांभाळला की कुणाचंच मन दुखावत नाही. नातेवाइकांच्या किंवा जुन्या ओळखीच्यांच्या घरची संध्याकाळची भेट डोळ्यांसमोर ठेवून मी तो क्रम सांगते आहे, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. फोनवर आणि सांत्वनाच्या भेटीत काय बदलतं, ते शेवटी.

त्याआधी एक समजूत दूर करू. आपण उठलो की समोरच्याला वाईट वाटणारच, असं आपण गृहीत धरतो. अॅडम मास्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं, की तुम्हाला हवं होतं तेव्हा बोलणं संपलं का? दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेले संवाद जेमतेम दोन टक्के निघाले. समोरच्याला कधी थांबायचं आहे, याचा अंदाजही लोकांना नीट येत नव्हता. आपल्या घरांत हे रोज घडतं. काकूंना सातला कुकर लावायचा असतो, पण तुम्ही बसला आहात म्हणून त्या बसलेल्या असतात आणि त्या बसल्या आहेत म्हणून तुम्ही.

## १. जाण्याआधी: निघायची वेळ फोनवरच सांगून ठेवा

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी पायरी ही. भेट ठरवताना येण्याची वेळ सगळेच सांगतात, निघायची कुणी सांगत नाही. "रविवारी साडेपाचपर्यंत येते, साडेसातला निघेन, सोमवारी सकाळची शाळा आहे", एवढं आधी सांगितलेलं असलं की पुढची निम्मी अडचण मिटते. वेळ आधीच ठरलेली असेल तर ती कुणाच्याही बोलण्यावरचा शेरा ठरत नाही. तीच वेळ गप्पांच्या मध्येच सांगितली, तर त्या क्षणी जो बोलत असतो त्याला वाटतं, आपल्याच बोलण्याचा कंटाळा आला.

पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, चहाचं विचारतील तेव्हा, हे पुन्हा एकदा सहज सांगा. तेव्हा सगळे ताजे असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

जेवणाचंही फोनवरच मिटवा. "जेवायला थांबणार नाही, पण तुझ्या हातचा चहा घेणार", असं म्हणा. चहालाही नको आणि खायलाही नको म्हटलं की घरच्या बाईला आपण पाहुणचार केलाच नाही असं वाटतं, आणि ती भरपाई निघताना "निदान एवढं तरी खा" म्हणून होते. एका गोष्टीला मनापासून हो म्हणा. मग दुसरीला नाही म्हणणं जड जात नाही.

ज्या कामासाठी गेला आहात ते भेटीच्या पहिल्या अर्ध्या भागात उरकायचं. पत्रिका द्यायची असेल, कागदावर सही घ्यायची असेल, मागच्या वेळचा डबा परत करायचा असेल, तर गेल्या गेल्या पिशवीतून बाहेर काढा. दारात चपला घालताना "अगं हो, ज्यासाठी आले तेच राहिलं" असं झालं की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

तपासून पाहा: निघायची वेळ, ती कशासाठी आहे आणि जेवणार की नाही, या तिन्ही गोष्टी घरच्यांना माहीत आहेत ना? नसतील तर बसल्यावर आधी त्या सांगा.

## २. बोलण्याला उतार लागला की ओळखा

निघण्याची सुरुवात बोलण्याच्या ओघात योग्य जागा बघूनच करायची असते. ती जागा समोरचाच दाखवतो. "मग, बाकी काय?" किंवा "अजून काय विशेष?" असं येतं. मघाशी झालेला विषय दुसऱ्यांदा निघतो. कपबशा गोळा होतात, कुणीतरी उठून देवापाशी दिवा लावतं, काका उगाचच रिमोट हातात घेतात.

यातल्या एकाच खुणेवर भरवसा ठेवू नका. भेटीच्या पहिल्या पंधरा मिनिटांतलं "बाकी काय?" हे फक्त विषय शोधणं असतं. तासाभरानंतर तेच दोनदा आलं, तर मात्र नवा विषय काढू नका. पुष्कळ जण इथेच फसतात: शांतता अवघड वाटते म्हणून मुलांच्या शाळेचा विषय स्वतःच उघडतात आणि मग निघता येत नाही म्हणून कातावतात.

एकामागून एक गोष्ट सांगणारी माणसं उतार येऊच देत नाहीत. त्यांना मध्येच तोडायचं नाही आणि नुसतं "हो का" म्हणत राहायचंही नाही. नुसत्या हुंकारांवर गोष्ट लांबते. तिला शेवटाकडे नेणारा प्रश्न विचारा. काका सोसायटीच्या पाण्याच्या भांडणाचं सांगताहेत, तर "मग शेवटी टाकीची दुरुस्ती झाली ना?" असं विचारा. उत्तरात गोष्ट संपते, आपण ऐकत होतो हेही त्यांना कळतं आणि पुढची गोष्ट सुरू व्हायच्या आत श्वासभर जागा मिळते. ती जागा पकडायची.

सावधान: बोलणाऱ्याचा आवाज खाली आला, नजर दाराकडे वळली किंवा "तुला म्हणून सांगते" असे शब्द आले, तर वेळ झालेली असली तरी थांबा. मनातलं बोलणं नुकतंच सुरू झालेलं असतं. ते पुरतं ऐका आणि मगच पुढची पायरी.

## ३. पहिली सूचना: बसल्या जागेवरून, विधान म्हणून

साडेसातला दाराबाहेर पडायचं असेल तर पहिली सूचना सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास जायला हवी. वीस-पंचवीस मिनिटं खूप वाटतील, पण मोठ्यांच्या घरी एवढी लागतातच. कमी धरली की धांदल होते, आणि घाईघाईत निघणारा माणूसच उद्धट दिसतो.

ही सूचना बसूनच द्यायची, पिशवीला हात न लावता: "बरं आत्या, मी पंधरा-वीस मिनिटांत निघेन हं." आणि मग गप्प बसायचं. ही शांतता फार महत्त्वाची आहे. संवादाचा अभ्यास करणारे इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं, की बोलणं नुसतं थांबत नाही, ते दोघांना मिळून थांबवावं लागतं. त्यासाठी आधी कुणीतरी असा एक इशारा देतं आणि समोरच्याला राहिलेलं काही बोलायची संधी मिळते. आपलं "बरं", "चला मग" हेच काम करतं.

त्या शांततेत आत्या बहुधा म्हणेल, "अगं, ते बँकेच्या पासबुकाचं राहिलंच." आपल्याला वाटतं, पुन्हा अडकलो. पण नेमकं हेच बाहेर यावं म्हणून ही पायरी आहे. आता बोललं गेलं की ते दारात निघत नाही. पासबुक बघा, काय ते सांगा आणि परत तिथेच या: "झालं? मग निघते मी."

वाक्य प्रश्नार्थक करू नका. "निघू का?" विचारलं की "बस गं, काय घाई आहे" हेच उत्तर येणार. तसं म्हणणं यजमानाचा शिष्टाचार आहे. त्याला "हो, निघ" म्हणता येत नाही. आपणच त्याला नकार द्यायला लावतो आणि मग तो नकार मोडून उठावं लागतं. "निघते हं आता" यात आर्जव तेवढंच आहे, पण उत्तर द्यायची सक्ती नाही.

## ४. कारण एकच, छोटं, आधी सांगितलेलं

"उद्या सकाळची शाळा आहे." बस. इथे वाक्य संपायला हवं.

कारणं वाढवली की संशय येतो, शिवाय प्रेमळ घरात प्रत्येक कारणावर तोडगा निघतो. "नंतर रिक्षा मिळत नाही" म्हणालात तर "दादा सोडेल ना स्कूटरवर" असं येतं. "स्वयंपाक व्हायचाय" म्हणालात तर भाजीचा डबा भरायला सुरुवात होते. यजमानाला सोडवता येईल अशी अडचण कारण म्हणून पुढे करायचीच नाही. दुसऱ्या दिवशीची वेळ, गाडीची वेळ, औषधाची वेळ ही कारणं चालतात, कारण ती कुणाला हलवता येत नाहीत.

खोटं कारण तर नकोच. नात्यात बातम्या फिरतात. "मुलीला ताप आहे" म्हणून उठलात आणि त्याच रात्री तिचा बागेतला फोटो दिसला, तर पुढच्या दहा वेळचं खरं कारणही खोटं ठरतं. घरच्या माणसावर ढकलणंही टाळा. "सासूबाई वाट बघत असतील" या वाक्यानं तुम्ही सुटता, पण सासूबाईंबद्दल त्या घरात एक मत तयार होतं.

कारणापाठोपाठ, झालेल्या गप्पांमधली एक नेमकी गोष्ट उचला. "छान वाटलं भेटून" हे सगळेच म्हणतात. "त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर उद्या दुपारी पाठवते" हे फक्त जो ऐकत होता तोच म्हणू शकतो. आपण कंटाळून उठत नाही आहोत, याचा याहून चांगला पुरावा नाही. मात्र नंबर दुसऱ्या दिवशी पाठवायचाच.

## ५. नमस्कार आणि कुंकू: इथून मागे फिरायचं नाही

आपल्याकडे निरोपाचं हे साधन तयारच आहे, आपण ते नीट वापरत नाही. ज्या घरांत पद्धत आहे तिथे बायका सरळ म्हणतात, "काकू, कुंकू लावता ना? निघते." यात निघण्याची परवानगी मागितलेली नाही, उलट काकूंकडून काही मागून घेतलं आहे. काकू उठतात, देवघरातून कुयरी किंवा करंडा आणतात, दोघी एकमेकींना कुंकू लावतात. एकदा कुंकू लावलं की आग्रह आपोआप थांबतो. थांबायला सांगणारीनेच निरोप दिलेला असतो. घरची रीत ठाऊक नसेल तर मात्र कुंकू मागू नका. नमस्कार सगळीकडे चालतो.

क्रम असा ठेवा. आधी पर्स, फोन, चष्मा, छत्री गोळा करा. मग आतल्या खोलीत कुणी वयस्कर पडून असतील तर त्यांच्याकडे जा, वाकून नमस्कार करा, दोन वाक्यं बोला, पण खाटेवर टेकू नका. मग बाहेरच्या खोलीतल्या मोठ्यांना नमस्कार. जी व्यक्ती दारापर्यंत सोडायला येणार आहे तिचा नंबर शेवटी, कारण तिच्याबरोबरच तुम्ही दाराकडे चालू लागता.

नमस्कार करून पुन्हा सोफ्यावर बसलात, तर सगळी उतरंड पहिल्यापासून रचावी लागते, आणि दुसऱ्या वेळचा "निघते" कुणी मनावर घेत नाही. म्हणून सामान हातात आल्याशिवाय वाकायचं नाही.

तपासून पाहा: नमस्कारापूर्वी चार्जर भिंतीत राहिला नाही ना? परत जाऊन बेल वाजवण्यासारखी दुसरी अडचण नाही. पुन्हा "आलीसच तर बस" होतं.

## ६. दारात: दोन-तीन वाक्यं, नवा विषय नाही

चपला पायात गेल्या की बोलणं दोन-तीन वाक्यांत आटपा. रिक्षा किंवा गाडी अॅपवरून बोलवायची असेल तर चौथ्या पायरीलाच बोलवा, आणि "गाडी बोलावते हं" असं तोंडाने सांगून बोलवा. न सांगता फोनमध्ये बघत राहिलात तर त्याचा अर्थ वेगळा निघतो.

दारात यजमानच मोठा विषय काढतात, असंही होतं: वाटणी, मुलाचं लग्न, दुखणं. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते उभ्याने, जाता जाता बोलणं सोपं जातं, म्हणून ते तिथे निघतं. त्यावर "हो हो, बघू" म्हणत लिफ्टचं बटण दाबू नका. "हे उभ्याने बोलण्यासारखं नाही. उद्या रात्री नऊला फोन करते, निवांत बोलू", असं वेळेसकट सांगा. समोरच्याचे डोळे भरून आले असतील तर चपला काढा आणि आत जा. गाडी नंतरची मिळेल. असं खरोखर क्वचित होतं, आणि होईल तेव्हा वर सांगितलेला क्रम बाजूला ठेवायचा.

"या एकदा घरी" हे पोकळ आमंत्रण दारात सगळेच देतात. यायला हवं असेल तर वार सांगा. नसेल तर नुसतं "येते मी" पुरे.

## एक संध्याकाळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

भाची पनवेलला राहते, आत्या डोंबिवलीला. फोनवर ठरलं आहे: साडेपाचला येणार, चहा घेणार, साडेसातला निघणार. पोचल्याबरोबर ती मागच्या वेळचा लोणच्याचा डबा परत करते. चहा येतो तेव्हा म्हणते, "साडेसातला निघायचंय हं मला, सकाळची शाळा आहे."

पावणेसातला आतोबा रेल्वेतल्या नोकरीचे दिवस सांगत असतात. भाची विचारते, "मग ती बदली शेवटी रद्द झाली का?" ते सांगतात, झाली. सात वाजता आत्या दुसऱ्यांदा म्हणते, "बाकी काय मग?" भाची नवा विषय काढत नाही. जरा थांबून म्हणते, "बरं आत्या, मी पंधरा-वीस मिनिटांत निघेन."

"अगं जेवूनच जा ना, पिठलं-भात टाकते पटकन."

इथे बहुतेक जण नवं कारण शोधतात. भाची जुनंच सांगते, त्याच स्वरात: "आज नको गं, पहाटे उठायचंय. पुढच्या वेळी पिठलं-भाकरीच खायला येते." आत्याचा आग्रह मोडला, पण पिठलं नाकारलं गेलं नाही. मग शांतता. आत्याला आठवतं, मोबाइलवरचे फोटो कसे काढून टाकायचे ते विचारायचं होतं. त्यात दहा मिनिटं जातात आणि ती पहिल्या हिशेबात धरलेलीच होती.

सात वीसला भाची पर्स आणि फोन उचलते. "फोटोंचं पुन्हा अडलं तर बुधवारी रात्री फोन कर, मी मोकळी असते. कुंकू लावतेस ना?" आत्या कुंकू आणते, जोडीला लाडवांची पुडीही. आतोबांना नमस्कार, आत्याला नमस्कार, आणि साडेसातला दोन मिनिटं असताना भाची जिन्यात असते.

## फोनवर

फोनला दार नाही, चपला नाहीत, नमस्कार नाही. सगळं शब्दांनीच करावं लागतं. म्हणून मर्यादा सुरुवातीलाच सांगा: "भाजी निवडत बसलेय, दहा-पंधरा मिनिटं बोलू." शेवटी "बरं मग", ठरलेल्या गोष्टीची उजळणी, आणि "ठेवते हं". पलीकडून "हं, ठेव" आलं की लगेच ठेवा. तिथे "अजून काय?" म्हणालात तर पुढच्या दहा मिनिटांना तुम्हीच जबाबदार.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांचे फोन लांबतात, कारण पुढचा फोन कधी येईल हे त्यांना माहीत नसतं. त्यांना वार आणि वेळ ठरवून द्या. "गुरुवारी आठला करतेच" हे दोन-तीन वेळा खरं ठरलं की ती माणसं स्वतःच म्हणू लागतात, "बाकीचं गुरुवारी बोलू, ठेव आता."

## सांत्वनाला गेल्यावर

इथे वरचं जवळजवळ काहीच लागू नाही. "येते" म्हणायचं नाही, कुंकू नाही, पुढच्या भेटीचं बोलणं नाही, कारणही सांगायचं नाही. थोडा वेळ बसा. भेटायला दुसरं कुणी आलं की त्यांना जागा करून देत उठा, हात जोडा आणि निघा. काही विचारायचं-सांगायचं असेल तर ते दुःखात असलेल्या माणसाला नको. घरातल्या धावपळ करणाऱ्या एखाद्याला बाहेर सांगा.

## पोचल्यावर

"पोचलीस की कळव" असं सांगितलेलं असतं, आणि ते न कळवणं हीदेखील चूकच, कारण तिकडे कुणीतरी जागं असतं. "पोचले" एवढा संदेश पुरतो. आत्या संदेश वाचत नसेल तर फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "पोचले, एवढंच सांगायला केला. लाडू उद्या खाऊन बघते आणि सांगते."